लाल बदामाचा बंदोबस्त

४ मार्च

आजपासून रोजनिशी. कारण प्रकरण गंभीर आहे आणि दुसऱ्या कोणाला सांगण्याइतकी अक्कल आसपास कोणाकडे नाही.

इंटिरिअरवालीनं आज पुन्हा माझ्या मेसेजवर लाल बदाम टाकला, पत्त्यांत असतो तसला, हृदयाचा. माझा मेसेज काय होता? ‘मॅडम, चार डबे ऑफव्हाइट तयार आहेत.’ त्यावर लाल बदाम! चार डबे ऑफव्हाइटवर बाई विरघळते, याचा अर्थ डब्यांशी संबंध नाही.

मी बावीस वर्षं रंगाच्या दुकानात शेड जुळवतो. लोक भिंतीचा पोपडा आणतात, मी नुसत्या नजरेनं सांगतो, यात पिवळ्याचे दोन थेंब कमी आहेत. मशीन नंतर तेच सांगतं. रंगाचा अर्थ मला कळणार नाही तर कोणाला? शेठला? शेठ अजून फिरोजीला ‘तो निळाटलेला’ म्हणतात.

५ मार्च, दुपार

गिऱ्हाईक नव्हतं. महिन्याभराचे मेसेज तपासले. तिचे एकूण सात लाल बदाम. ‘गाडी निघाली’वर एक. ‘प्रायमर संपलाय’वरसुद्धा एक. प्रायमर संपल्याचा आनंद कोणाला होतो?

मी संसारी माणूस आहे. बायको नर्स आहे, तिच्या शिफ्ट, माझं दुकान, त्यामुळे आमचं बोलणं बहुतेक मेसेजवरच. पण सुखात आहोत. कोणाचा संसार मोडणं माझ्या स्वभावात नाही, माझा तर नाहीच.

६ मार्च

भाचीला विचारलं. ताईची मुलगी, कॉलेजात आहे, अंगठे मशीनसारखे चालतात. म्हटलं, माझ्या एका मित्राचा प्रश्न आहे. ती म्हणाली, हं, मित्राचा.

तिनं सांगितलं ते लिहून ठेवतो. लाल म्हणजे प्रेम, पण माणूस बघून. नवरा-बायकोत, प्रेमिकांत तो खरा लाल. आई, मावशी, आज्या मात्र सगळ्यांना लालच पाठवतात, कारण त्यांना बाकीचे रंग सापडत नाहीत. तिथं त्याचा अर्थ ‘जेवलास का’ एवढाच. गुलाबी म्हणजे गोडी, नवं नवं काहीतरी. केशरी म्हणजे ‘आवडतोस, पण लाल देण्याइतका नाही.’ पिवळा मैत्रीचा, त्यात धोका नाही. हिरव्याचं काही खरं नाही, झाडवाले वापरतात आणि जळणारेही. निळा भरवशाचा, मुलगे एकमेकांना तोच पाठवतात, कारण लाल पाठवायची लाज वाटते. जांभळा कोणाच्या तरी फॅन असलेल्यांचा. पांढरा शांत, दुःखात चालतो. काळा स्टाइलचा.

मग म्हणाली, मामा, हा काही कायदा नाही. कोण पाठवतंय, आधी काय पाठवत होतं आणि आता काय पाठवतंय, ते बघायचं.

इतका ढिसाळ कारभार! आमच्याकडे प्रत्येक शेडला नंबर असतो. या पिढीला शिस्तच नाही.

७ मार्च

माझा वाढदिवस. शाळेपासूनचा मित्र, ज्याला आम्ही हत्ती म्हणतो, त्याचा मेसेज: ‘भावा, शंभर वर्षं जग.’ पुढे निळा बदाम. निळा! थंड पडलेल्या माणसाचा रंग. तीस वर्षांच्या मैत्रीला ही किंमत? मी उत्तर दिलं नाही.

संध्याकाळी वही उघडली तर भाचीनं निळ्याबद्दल बरोबर उलटं सांगितलेलं. तरी हत्तीला एवढं कळत असेल असं वाटत नाही. त्याला चुकून लागला असणार. मोठ्या मनानं परतफेड म्हणून नवा राखाडी बदाम पाठवला. त्याचा फोन आला, मला रिकामा चौकोन का पाठवलास? त्याच्या जुनाट फोनवर नवे रंग दिसतच नाहीत. अशा माणसांशी मैत्री आहे माझी.

९ मार्च

बेत ठरला. इंटिरिअरवालीला एकदम तोडायचं नाही. बाई दुखावेल, शेठचं गिऱ्हाईक जाईल. भडक भिंत फिकी करायची तर हळूहळू करतात. तसंच तिला एकेक शेड खाली उतरवायचं. गुलाबी, मग केशरी, मग पिवळा, मग पांढरा. पांढऱ्यापाशी पोचेपर्यंत तिला आपोआप कळेल की माझ्याकडून काही होणार नाही. आठवड्याभराचं काम.

आधी एकदा पिवळ्याची चाचणी बायकोवर घेतली. काही न लिहिता नुसता पिवळा पाठवला. तिचं उत्तर: ‘डोळे पण पिवळे झालेत का? कावीळ असेल, बिलिरुबिन तपासून घे.’ विनोदबुद्धी हॉस्पिटलात राहून खराब झालीय तिची. लिहिलं, टेस्टिंग आहे.

११ मार्च

‘मॅडम, हॉलची शेड आली’, पुढे गुलाबी बदाम. उतरणीची पहिली पायरी.

उत्तर आलं नाही. मेसेजवर लाल बदाम मात्र चिकटवला. बिचारी.

एक बारीक गोष्ट नोंदवतो. आजवर मी तिला एकही बदाम पाठवला नव्हता. उतरवायचं तर आधी कुठंतरी चढून उभं राहावं लागतं, एवढाच त्याचा अर्थ.

१३ मार्च

केशरी पाठवला. ‘बेडरूमचा दुसरा हात उद्या’ असं लिहून. मेसेज गेल्यावर वाक्य नीट वाचलं. रंगकामात दुसरा हात म्हणजे दुसरा थर, हे कोणालाही कळतं.

तिनं आज काहीच चिकटवलं नाही. गुण येतोय.

१५ मार्च

शेठची काकू गेली. दुकानाच्या ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले. मेंढरं. मी विचार केला, शोकाचा रंग कोणता? काळा. पत्त्यांत काळा बदाम नसतो, पण फोनमध्ये आहे तर वापरावा. पाठवला. एकटाच बदाम असल्यामुळे तो मोठा झाला आणि स्क्रीनभर धडधडायला लागला. काकूच्या फोटोखाली.

शेठच्या सुनेनं ग्रुपवर विचारलं, हे काय आहे? भाचीला फोन केला. ती म्हणाली, मामा, काळा लोक थट्टेत नाहीतर झोकात वापरतात, अशा वेळी पांढरा पाठवायचा असतो, मी सांगितलं होतं. मी डिलीट केला. मग ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ ही ओळ काकूच्या खाली बसली. ती डिलीट होत नाही.

१६ मार्च

शेठ बोलत नाहीत. दुःखात आहेत.

पिवळा पाठवला, ठरल्याप्रमाणे. दोन निळ्या टिक, उत्तर नाही. प्रेम उतरताना माणूस अबोल होतो.

१८ मार्च, सकाळी ११

इंटिरिअरवाली स्वतः दुकानात आली. काय बोलायचं ते मी मनात पक्कं केलं होतं: ‘मॅडम, तुमच्या भावनांचा मी आदर करतो.’ तेवढ्यात ती थेट शेठकडे गेली.

१८ मार्च, दुपारी १

शेठनं आत बोलावलं. तिची तक्रार अशी की तुमचा शेडवाला आठवडाभर मला बदाम पाठवतोय, आधी गुलाबी, मग केशरी, मग पिवळा, तो माणूस बरा आहे ना? मी म्हटलं, सुरुवात त्यांनी केली. शेठनं तिलाच आत बोलावलं.

तिनं फोन पुढे केला. म्हणाली, मेसेज दाबून धरला की सहा चित्रं येतात, त्यात बदाम एकच, तो लाल. दुसरा रंग हवा तर अधिकच्या खुणेवर जाऊन शोधावा लागतो, मला कामात तेवढा वेळ नसतो. मग एकामागून एक दाखवलं. प्लंबर: ‘पाइप बदलला’, लाल. टाइल्सवाला: ‘सहा फुटल्या’, लाल. सुतार: ‘उद्या येत नाही’, त्यालाही लाल. म्हणाली, याचा अर्थ ‘वाचलं.’ अंगठा पाठवला तर लोकांना मी चिडलेय असं वाटतं, म्हणून बदाम.

पुढे म्हणाली, चिकटवलेला बदाम वेगळा आणि मुद्दाम शोधून, रंग निवडून, ओळीपुढे लिहिलेला वेगळा. तुम्ही निवडलेत. मला भीती वाटली.

हे ती मला ‘काका’ म्हणून सांगत होती. पस्तिशीची असेल! मी सत्तेचाळीसचा.

यापुढे तिचे मेसेज दुसरा माणूस बघेल. ज्याला फिरोजी आणि आकाशी यातला फरक कळत नाही, तो. बघू हॉल कसा रंगतो ते.

१९ मार्च

बायकोला आपणच सांगितलेलं बरं. शेठच्या सुनेकडून फुगवून ऐकण्यापेक्षा शुद्ध स्वरूपात ऐकावं. ती ड्यूटीला जायच्या आधी बूट घालत होती. मी म्हटलं, एका बाईचा गैरसमज होता, मी तिला शेड-शेडनं नाकारत होतो, तुझ्यासाठीच.

मला वाटलं होतं, ती रडेल नाहीतर अभिमान वाटेल तिला. ती बुटाची नाडी बांधत राहिली. विचारलं, गुलाबी पाठवलास तिला? म्हटलं, पहिल्या पायरीला. केशरी पण? म्हटलं, हो, पण केशरीचा अर्थच... ती म्हणाली, अर्थ राहू दे. मला कधी कुठला पाठवलास?

म्हटलं, परवाच पिवळा.

ती म्हणाली, तो टेस्टिंगचा होता, तूच लिहिलंस.

म्हटलं, आपण एका घरात राहतो, बदाम कशाला हवेत. ती म्हणाली, हो, खरंय. दार लावून गेली. आपटलं नाही. आपटलं असतं तर मला काहीतरी म्हणता आलं असतं.

२० मार्च, दुपार

तिचं म्हणणं खोडून काढायला आमचं चॅट वर वर नेत गेलो. पुरावा नक्की असणार. लग्नाला सतरा वर्षं झालीत, एखादा तरी असेल.

माझे: ‘ओके.’ ‘हो.’ ‘बघतो.’ ‘उशीर.’ ‘ओके.’

तिचे: ‘डबा फ्रीजमध्ये आहे.’ ‘आज डबल ड्यूटी.’ ‘औषध घे.’ नुसती वाक्यं. म्हणजे तीही पाठवत नाही! मला बरं वाटलं. हे तिला दाखवायचं ठरवलं.

मग आणखी वर गेलो. मागच्या वर्षीचा जानेवारी. तिथून वर सगळं लाल आहे. ‘पोचले’, लाल. ‘जेवण झाकून ठेवलंय’, लाल. ‘पेशंट वाचला आज’, लाल. रोज एक, कधी दोन, वर्षानुवर्षं. ओळीपुढे लिहिलेले.

शेवटचा अकरा जानेवारीचा. ‘आज सोळा वर्षं झाली आपल्याला.’ खाली वेगळा मेसेज, एकटा लाल बदाम, मोठा. त्याखाली माझं उत्तर: ‘ओके. टाकीचा व्हॉल्व्ह बंद कर.’

दुसऱ्या दिवशी: ‘बंद केला.’ पूर्णविराम. तिथून पुढे लाल नाही. चौदा महिने.

मला पांढऱ्याच्या अकरा शेड ओळखता येतात.

कदाचित तिच्या फोनचं काहीतरी अपडेट झालं असेल.

२० मार्च, ३.५०

तीन-चाळीसला लाल पाठवला. एकटा. चिकटवलेला नाही, निवडून. टेस्टिंग वगैरे काही लिहिलं नाही.

लगेच वाचला तिनं. उत्तर आलं: ‘चुकून आलं का?’

‘नाही’ लिहायला मला सात मिनिटं लागली. आधी ‘नाही गं’ लिहिलं, मग ‘गं’ खोडला, मग पुन्हा लिहिला. पाठवला तेव्हा एकच राखाडी टिक आली. पावणेचारला, ड्यूटी सुरू होताना, नर्सना फोन बंद करून लॉकरमध्ये ठेवावे लागतात.