बरोबर आठला पेटी बंद

३ मार्च, मंगळवार
ठरलं. चौदाला, शनिवारी, आमच्या घरी अख्ख्या इमारतीचं भजन. शेवटची भैरवी मी म्हणणार. वर्षभर रोज संध्याकाळी बाथरूममध्ये, दार लावून, नळ सोडून, रियाज केलाय. इमारतीला पत्ता नाही. एकदम धक्का द्यायचा.
हिला सांगितलं. म्हणाली, मला बसला.

४ मार्च
आमंत्रणाचा मसुदा. चार पानं. पहिली तीन भक्ती म्हणजे काय यावर. हिने वाचून विचारलं, हे बोलावणं आहे की समन्स? भक्ती काढली. एका पानात बसलं.

५ मार्च
खालच्या मजल्यावरची नर्स पहाटेच्या ड्यूटीला जाते, लवकर झोपते. तिला विश्वासात घेतलं. म्हणाली, करा की काका, मीपण येते, पण आठनंतर आवाज नको, आणि ते पत्रात लिहा. लिहिलं, ठळक. मला शिस्त आवडतेच.

६ मार्च
पत्र पूर्ण. इथे उतरवून ठेवतो, पुढे कोणाला उपयोग होईल.
‘पावणेसहाला जमावे. सहाला सुरुवात. बरोबर आठला पेटी बंद. चपला जिन्यात, भिंतीच्या कडेने. पेटी-तबला खिडकीशी. समोर सतरंजी. गुडघे दुखत असतील त्यांच्यासाठी मागे खुर्च्या. बाथरूमकडची वाट मोकळी ठेवावी. येताना चष्मा, पाण्याची बाटली, असल्यास टाळ आणावेत. खाऊ नको, मुंग्या होतात. प्रत्येकाने एकच भजन म्हणावे. कोणत्या पट्टीत ते पेटीवाल्यांना गुरुवारपर्यंत कळवावे. समारोप: यजमान.’
वरच्या मजल्यावरच्या मेव्हण्याने फोनवर ऐकलं. शेवटच्या ओळीला हसला. गाण्यातलं त्याला काही कळत नाही.

१२ मार्च, गुरुवार
पेटीवाला, म्हणजे तळमजल्यावरचा बँकेतला कॅशियर, म्हणाला, तीनच नावं आलीत. टेलरकाका, शाळेतल्या बाई आणि मेव्हणा. म्हणजे मला निदान अर्धा तास. आलाप वाढवला.
हिने बाथरूमचं दार ठोठावलं. पाणी संपलं म्हणे.

१४ मार्च, शनिवार. सकाळ
सतरंजी झटकली. खुर्च्या आठ. घसा उत्तम. दिवसभर मौन.
ही म्हणाली, असंच रोज भजन ठेवा.

त्याच रात्री
क्रमाने लिहितो.
सगळ्यांचे गुडघे दुखतात. दुसऱ्या मजल्यावरच्या जिमवाल्याचेसुद्धा. आठ खुर्च्या आठ जणांनी धरल्या, बाकीचे आपापल्या घरून घेऊन आले आणि बाथरूमच्या वाटेवर बसले. सतरंजीवर पेटी, तबला आणि मी. सुरुवात साडेसहाला.
‘असल्यास टाळ’ लिहिलं होतं. नसलेल्यांनी डब्यांची झाकणं आणली. तबलजी तालात होता, असं तो नंतर म्हणाला.
बाईंनी पत्राप्रमाणे एकच भजन म्हटलं. मेव्हण्यानेही एकच, तेही बरं म्हटलं, हे लिहायला नको होतं. टेलरकाकांनीही एकच. त्याला कडवी एकवीस. प्रत्येक ओळ सगळ्यांनी मागून दोनदा म्हणायची. मध्येच कोणाला तरी बाथरूमला जायचं होतं, त्यासाठी सहा खुर्च्या उचलल्या. कडवं पुन्हा पहिल्यापासून.
मग मी. पेटीवाल्याला पट्टी सांगितली. पाणी प्यायलो. डोळे मिटले. ‘सा’ लावला.
नर्सच्या फोनचा आठचा अलार्म वाजला. पेटीवाल्याने भाता मिटून पट्टा लावला, अगदी काउंटर बंद करतो तसा. मी म्हटलं, अहो, दोन मिनिटं. तो म्हणाला, साहेब, ठळक अक्षरात आहे. नर्स म्हणाली, सॉरी काका, पण तुमचंच पत्र. टाळ्या पडल्या. वेळेवर संपलेलं भजन आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, असं टेलरकाका म्हणाले. टेलरकाका!

१५ मार्च
जिन्यात तिघांनी हात मिळवला. यापुढची सगळी आमंत्रणं मीच लिहायची, असं सर्वानुमते ठरलं. पुढचं भजन मेव्हण्याच्या घरी. समारोप यजमान करतात, तशी आता पद्धतच पडली आहे, म्हणाले.

१६ मार्च, सोमवार
खचलो नाही. संध्याकाळी नेहमीप्रमाणे रियाज. खरं तर बरंच झालं. धक्का अजून शिल्लक आहे.
तिसऱ्या ओळीत वरचा सूर लागण्याआधी मी नेहमी दम घेतो. आजही घेतला. तेवढ्यात पाइपांच्या डक्टमधून खालून नर्सचा आवाज आला. तिने ती ओळ पुरी केली. भांडी घासता घासता, वरच्या सुरासकट. मग तिच्याही खालून कोणीतरी ओरडलं, अगं, काकांना तरी म्हणू दे, वर्ष झालं तिथेच अडकलेत!
नळ मोठा सोडला.
उद्यापासून रियाज बंद. बाथरूमची हवा घशाला चांगली नाही.