आईने काढलेली दोरी

ताईस,

वाकून नमस्कार. (खरंच वाकलो आहे, कारण चार महिने खुर्चीत बसून आईचं बोलणं उतरवतोय आणि कंबर सरळ होत नाही.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला? आई ठणठणीत आहे, इतकी की डॉक्टरच तिच्याशी जरा जपून बोलतात. माझी मात्र मंगळवारपासून बोलती बंद आहे. का ते क्रमाने सांगतो; आईच्या पद्धतीने सांगितलं तर तुला पुढच्या वर्षी कळेल.

तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डावर दोऱ्या खोचून तिने लोकांची बोलणी जुळवली, त्या आठवणींचं पुस्तक करायचं मी मनावर घेतलं हे तुला माहीत आहेच. पहिल्या दिवशी 'तुझं बालपण सांग' म्हणालो, तर 'बरं गेलं' म्हणून ती भाजी निवडायला उठली. दुसऱ्या दिवशी तिचा जुना हेडफोन हातात दिला, आणि ती पाऊण तास थांबली नाही. तेव्हापासून नियमच केला: रोज एक जुनी वस्तू, पाऊण तास रेकॉर्डिंग, आणि मधे मी तोंड उघडायचं नाही (हा नियम घरात इतरांनाही फार आवडला). मग सगळं शब्दन् शब्द उतरवायचं, खोकल्यासकट, आणि त्यानंतर कात्री घ्यायची. 'काय सांगत होते मी' हे एकशे बारा वेळा आलं होतं. नऊ ठेवली, बाकीची काढली. एकच गोष्ट तिने चारदा सांगितली असेल, तर चारही कागद शेजारी ठेवून सगळ्यांत जिवंत सांगणं निवडायचं आणि उरलेल्यांतला एखादा तपशील त्यात बेताने घालायचा. माझे प्रश्न पुसायचे. तारखा तपासायच्या, पण तिची चुकली तर मजकुरात तिचीच ठेवून खाली बारीक टीप द्यायची.

इथपर्यंत मी शहाणा होतो. पण एका ठिकाणी ती सारखी अडखळत होती. तुझ्या लग्नाआधीच्या वर्षातल्या गुरुवारच्या ट्रंक कॉलांविषयी तिने तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा 'मग ती दोरी निघाली... काय सांगत होते मी' असं म्हणून एकदम पगारवाढीवर गेली. आता निवृत्त मुख्याध्यापकाला अर्धवट वाक्य बघवतं का? मी तिथे स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'तांत्रिक अडचणींमुळे सदर संपर्क प्रस्थापित होऊ शकला नाही.' आणि स्वतःवरच खूश झालो.

प्रत्येक प्रकरण मी तिला मोठ्याने वाचून दाखवतो, आणि कानाला खटकलं की ती हात वर करते. मंगळवारी त्या वाक्यावर हात वर झाला तो खाली येईना.

"हे कोण बोलतंय?"

"तूच, आई."

"मी जन्मात असं बोलले नाही. दोरी आपोआप निघत नसते रे. मी काढली."

ताई, आता बसून वाच. तो फोटोग्राफर, ज्याच्या फोनची तू शेजाऱ्यांच्या ओसरीवर गुरुवार-गुरुवार वाट पाहिलीस आणि जो तुला विसरला म्हणून वर्षभर जेवली नाहीस, तो विसरला नव्हता. त्याने सलग सहा गुरुवार कॉल लावला आणि सहाही वेळा बोर्डावर बसलेल्या आपल्या जन्मदात्रीने त्याला 'लाइन बिझी आहे' म्हणून सांगितलं. त्याच दिवसांत भावोजींचे कॉल मात्र रांगेशिवाय लागत होते. मी हबकलोच. माझ्या आईने, जिने मला दुकानात एक गोळी जास्त घेतली म्हणून परत पाठवलं होतं, तिने हे करावं? काहीतरी सावरावं म्हणून मी सुचवलं की त्याच्यात काही खोट असल्याचं तिच्या कानावर आलं होतं, असं लिहू. त्यावर ती माझ्याकडे नापास मुलाकडे बघावं तशी बघत राहिली. "खोट असती तर तुझ्या ताईलाच सांगितलं असतं. मुलगा सोन्यासारखा होता. तो तिला समुद्रापार नेणार होता आणि मला ती जवळ हवी होती. हे असंच लिही, एक शब्द हलवू नकोस." (पुढे भावोजींची बदली झाली आणि तू गेलीस ती दोन दिवसांच्या प्रवासावर. हेही तिनेच सांगितलं.)

मला ते वाक्य कापता येत नाही, ताई. चार महिन्यांत तिचा आवाज इतका खरा कुठेच लागला नाही. आणि ठेवताही येत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं काम असं आहे: त्या वाक्यानंतरचं पान आईने कोरं ठेवायला लावलं आहे. तिथे तुझं म्हणणं यायचं. शिव्या असल्या तरी चालतील. मला सुधारायची मनाई आहे. तू लिहीपर्यंत ती शेवटचं प्रकरण सांगणार नाही, आणि ब्याऐंशी वर्षांच्या माणसाने 'नंतर' म्हटलं की मी लगेच पाकिटावर तिकीट लावतो.

ता. क. २. पत्रच लिही, फोन करू नकोस. आमच्याकडे अजूनही फोन तीच उचलते. काल शेजारचे तुझा नंबर लागत नाही म्हणत होते. मी आईकडे पाहिलं, तर म्हणाली, "लाइन बिझी असेल."