चार मोकळी पावलं

३ मार्च
हद्द झाली! अकरा वर्षं पदयात्रेचं चालगाणं मी बांधते, आणि यंदा संघप्रमुख म्हणतात, "धाकटीनंही एक केलंय. दोन्ही चालून बघू." धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण. माझ्याच मागे 'हो' म्हणत मोठी झाली!

५ मार्च
शिलाई मशीनच्या पायडलवर ठेका धरला. डावं-उजवं, डावं-उजवं. पुढच्याची ओळ आठ पावलांची, मागच्यांचं उत्तर चार पावलांचं. यंदा उत्तरातही यमक घातलंय — "गाठू शिखर, चढू झरझर". धाकटीनं तोंडात बोट घातलं पाहिजे!

बाबा काकांकडे जायला निघाले. जाताना तिला विचारलं, "जमतंय का गं?" मला काही नाही.

९ मार्च
कालव्याच्या रस्त्यावर चाचणी. दोनशे माणसं, लांबच लांब रांग. माझं उत्तर मधल्यांपर्यंतच पोचलं. शेवटचा 'र' हवेतच विरला. तिचं उत्तर फक्त "येतो हो!" — शेवटी लांबलचक 'ओ'. शेपटापर्यंत खणखणीत. तिचं गाणं निवडलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. हात जळत होते.

१० मार्च
तिच्या गाण्यात खोट आहे. उत्तर संपलं की लगेच पुढची ओळ. आवाज शेवटापर्यंत जायला एक पाऊल लागतं, उत्तर पुढे यायला आणखी एक. म्हणून मी नेहमी चार पावलं मोकळी सोडते. नुसते पाय वाजतात, उशिराचा सूर येऊन मिळतो, आणि माणसं श्वास घेतात. चाचणी थोडाच वेळ चालली, कुणाच्या लक्षात आलं नाही.

सांगायला हवं.

११ मार्च
नाही सांगितलं. ती घरभर मिरवतेय. पडू दे तोंडघशी!

२१ मार्च
निघालो. बाबा काकांकडून थेट येऊन रांगेच्या शेवटी मिळाले; कुणाचं गाणं निवडलंय, ते त्यांना ठाऊकच नाही. मी पुढे, धाकटीच्या मागे.

दुपारी चढावर रांग फाटली. मागचे "येतो हो" म्हणतायत तोवर इकडे पुढची ओळ सुरू! पावलं एकमेकांत अडकली. धाकटी घाबरून अजूनच भरभर गाऊ लागली. मला बरं वाटलं. इथे खोटं कशाला लिहू!

मग मागून निरोप आला. बाबा खाली बसलेत, दम लागलाय.

२२ मार्च
दवाखाना. नळीतून प्राणवायू. धाकटी बाहेर रडतेय, "माझ्यामुळे झालं, ताई." मी तिला पाणी दिलं. रांगेच्या शेवटी चालणारे बाकीचे म्हणाले, दम लागल्यावर सगळ्यांनी मधली उत्तरं सोडली. बाबांनी एकही सोडलं नाही.

२३ मार्च
बाबा माझा हात धरून बोलले. "मागे ओळी काही कळत नव्हत्या गं. पण गाणं तुझं — म्हणून एकही हाक रिकामी जाऊ दिली नाही."