नवे हातमोजे

मंगळवार, ११ फेब्रुवारी. वाशिंद.

आज कारखान्यात सुपरवायझर मॅडमनी फक्त मलाच हातमोजे दिले. "तुझा बधिर हात जपायला गो." कुष्ठरोगाच्या गोळ्यांचा बारा महिन्यांचा कोर्स मी पुरा केलाय, आता लागण होत नाय. बरी झाल्याचा दाखला त्यांनीच बघितलाय. चुलीजवळ हात जपायचा ते कळतं. इथं टॉवेलांची मऊ पाकिटं रचायची, त्याला हातमोजे कशाला? की मीच संशयी झालेय? सुटताना हातमोजे परत द्यायला गेले, घडीसुद्धा न मोडलेले. मॅडमनी हात मागे घेतला. "ठेव तिथंच, टेबलावर." दिव्यांगांच्या कायद्यात आमीपण आहोत, कामावर भेदभाव चालत नाय. मलाच का दिले, त्याचं कारण उद्या लेखी मागणार. हातमोजे नक्की कुणाला जपायला दिले?