फॉरवर्डेड

हेमांगी,

"तीन-चार आठवडे रिप्लाय उशिरा देईन, राग मानू नका," हे मी एकदाच लिहिलं आणि सगळ्यांना पाठवलं. तुझ्याकडेही ते 'फॉरवर्डेड' शिक्क्यासकट पोचलं. तू लिहिलंस, "ओके, टेक केअर." बरोबरच आहे गं.

खरं तर लिहायचं होतं, बाबांना पॅरालिसिस झालाय. चांगल्या हाताने ते माझा उजवा हात धरून ठेवतात, सोडतच नाहीत. हे डाव्याने टाइप करतेय. मी गप्प असले तरी तू तुझ्या डोंबिवलीच्या गच्चीवरच्या मांजरांचे फोटो पाठवत राहा. अर्जंट असेल तर सरळ फोन कर.

पण हे वाचलंस तर तासाभरात आमच्या कोपरीला येशील, आणि तुला बघून मी रडेन. बाबांसमोर रडायचं नाहीये.

म्हणून हे पाठवत नाही, तुझं 'ओके'च परत परत वाचते.

हात अडकलेली तुझी,
क्षिप्रा