आयती सबब

बाई, तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी तुमच्याशी माझं एक भांडण अजून मिटलेलं नाही.

सातवीत होतो. निपाणीच्या आपल्या शाळेत कवितापाठाची स्पर्धा, आणि आदल्या दिवशी मी मामाच्या तंबाखूच्या वखारीत. चाळणाऱ्या बायकांमध्ये उभा आहे, तोंडाला फडकं न बांधता, धूळ ओढून घेतोय. शिंकून शिंकून घसा बसला. दुसऱ्या दिवशी घोगऱ्या आवाजात कविता म्हटली, तिसऱ्या कडव्याला अडखळलो, दुसरा नंबर आला. सगळे म्हणाले, "घसा बरा असता तर पहिलाच होता की रं!" बाई, पहिल्या नंबरापेक्षा ते वाक्य गोड लागलं. हरलो तर दोष धुळीचा, जिंकलो असतो तर घसा बसूनसुद्धा जिंकला म्हणून दुप्पट वाहवा. तिसरं कडवं मी पाठच केलं नव्हतं, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

तुमच्या आलं. व्हरांड्यात गाठलंत.

"वखारीत कुणी बोलावलं तुला?"

"मामानं."

"मामा मघाशीच भेटला. नको म्हटलं तरी आलता म्हणाला. पाठ न्हवतं, व्हय ना?"

मी वळून चालायला लागलो.

"लोकांचं सोड. तुला तरी कळू दे की रं, तुला किती येतंय ते."

खरं होतं तुमचं. पण मान खाली घालणार नाही मी. वर्षभर भर वर्गात कोण म्हणत होतं, "ह्याला पाठ करावं लागत न्हाय, ह्याला देणगीच हाय"? तुम्हीच. आणि मला घरी एकेक कविता पंधरा वेळा घोकावी लागायची. घोकून पडलो असतो तर देणगीच खोटी ठरली असती. न घोकता पडलो, की ती शाबूत! मग ती खोडच जडली. नोकरीच्या परीक्षेच्या आठवड्यात गुंजीला मित्राच्या लग्नात पंगती वाढत बसलो, आणि "पुस्तक उघडलंच नाही" म्हणत छाती काढून नापास झालो.

यंदा वडगावच्या वाचनालयात म्हाताऱ्यांसाठी कवितापाठ ठेवला होता. नाव दिलं आणि चार दिवस सवयीनं गुडघ्याचं रडगाणं गायलो. जणू कविता गुडघ्यानं म्हणायची! पाचव्या दिवशी माझी मलाच चीड आली. चाळीस दिवस मोठ्यानं पाठ केलं, आणि भेटेल त्याला सांगत सुटलो, "लई तयारी चाललीया." बायको म्हणाली, "अहो, नंबर न्हाय आला तर तोंड कुठं लपवाल?" म्हटलं, "लपवायचंच न्हाय."

नंबर आला नाही. एक शब्द चुकला नाही, तरी आला नाही. म्हणजे मला इतकंच येतं. लागलं फार; पण कुणाला काही कारण न सांगता, बक्षीस घेणाऱ्या आजीबाईंना टाळ्या वाजवून, ताठ घरी आलो.

हे पत्र पाठवणार कुठे? तुम्ही असतात तर वर लिहिलं असतं, "एका बैठकीत खरडलंय, चुका असतील." तिसऱ्यांदा उतरवून काढलंय, बाई.