भिकनचा माग आणि माझे तारे

डिंडोली, सुरत
१२ ऑगस्ट १९९६

ती. रामदासमामांस,

शालिग्रामचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींनी पाठवलेले कुरडयांचे डबे पोचले (एक खोलीवर, एक भिकनच्या पोटात). मी बरा आहे, म्हणजे डोकं सोडून बाकी सगळा बरा आहे.

मामा, मराठी नि गुजराती दोन्ही भाषा येतात ही गोष्ट माणसानं चारचौघांत कबूल करू नये. आपल्या सुपडूअप्पांचा भिकन इथं भेस्तानला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याचं कामरेजच्या हंसावर मन बसलं आहे, हे आता सांगतो. पोरगी गुजराती, शिवणक्लास चालवते, जिभेनं तिखट. भेटले की दोघं मोडक्या हिंदीत बोलतात; पण मोडक्या हिंदीत फार तर ख्यालीखुशाली होते, थट्टा होत नाही. म्हणून थट्टेसाठी पत्रं. त्यानं मराठीत लिहायचं, तिनं गुजरातीत, आणि मध्ये मी.

पहिल्याच पत्रात या गाढवानं लिहिलं, "मी बारा तास मागावर असतो, उरलेले बारा तास तुझ्या मागावर." मराठीत झकास आहे, मीही हसलो. पण गुजरातीत कापड विणायचा माग म्हणजे साळ, आणि कुणाचा माग काढायचा तर पगेरुं. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही! मी सरळ अर्थ लिहून पाठवला. तिचं उत्तर आलं की पगेरुं चोराचं काढतात, तुझ्या घरून मी काय चोरलं? मग पुढच्या पत्रात मी कंस टाकून खुलासा केला की मराठीत हे दोन्ही शब्द एकच आहेत. त्यावर तिनं लिहिलं, "समजलं. हसायचं कधी?"

मामा, मी चिडलो. विनोद त्याचा आणि नाक माझं कापलं जात होतं! तिसऱ्या खेपेला मी त्याची कोटी सरळ काढून टाकली आणि त्या जागी गुजरातीतली एक बसवली. गुजरातीत 'तारा' म्हणजे आकाशातले तारे आणि 'तारा' म्हणजेच तुझे. लिहिलं, "जेटला तारा, एटला तारा." जेवढे तारे तेवढे तुझे. शब्द गेले, पण पोरगी हसली पाहिजे हा हेतू राखला (अनुवाद असाच करतात, असं माझं तेव्हा मत होतं). दोन दिवसांत उत्तर हजर. ती हसली होती, आणि वर विचारत होती, ते तारे तर तारा, मग मारा किती? म्हणजे तारे तर नावानंच तुझे, मग माझे किती?

इथं माझं चुकलं. एकाच पत्राचा अनुवाद असता तर खपून गेलं असतं. पण थट्टेला उलट उत्तर येतं, आणि ते आलं माझ्या कोटीला. भिकन म्हणतो, कुठले तारे? मी त्याला काहीतरी बनवून सांगितलं. तिथून एक वही सुरू केली. डावीकडे त्याची खरी कोटी, उजवीकडे मी पाठवलेली, खाली तिचं उत्तर, आणि त्याखाली भिकनला सांगायचं खोटं उत्तर. पाच महिने मामा! दोघं एकमेकांशी बोलत होते, पण वेगवेगळ्या विषयांवर.

परवाच्या रविवारी हंसा मावशीला घेऊन डिंडोलीला आली. आल्या आल्या तिनं भिकनला ताऱ्यांचा हिशेब विचारला. भिकननं हसून मागाचं वाक्य टाकलं. दोघांचीही तोंडं उतरली. भिकन माझ्याकडे वळून म्हणाला, "हाई पत्र कोनं शे? मनं का तुनं?" त्याचं किती नि माझं किती, ते सांगणारी वही मी काढून दिली. हंसानं ती शेवटपर्यंत वाचून घेतली, माझ्याच तोंडून, आणि म्हणाली, "शालिग्रामभाई, तारे तर कुणीपण देते. मला लूमवाळुं दाखवा." म्हणजे ती मागाची कोटी.

भिकन तिला भेस्तानला घेऊन गेला, मीही सोबत होतो. त्या खडखडाटात ओरडून, हातवारे करून, एकदा मागाकडे बोट आणि एकदा तिच्या पावलांकडे बोट, असं पाव तास समजावत होता. कोटी केव्हाच मेली होती, आणि ती मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. माझे पाच महिने पाण्यात! खरं सांगतो, मला वाईट वाटलं. दोघांनी माझे आभारसुद्धा हिंदीत मानले. आता अनुवाद करणार नाही म्हणजे नाही.

मामींना नमस्कार.

आपला,
शालिग्राम

ता. क. : सुपडूअप्पा या लग्नाला नाही म्हणतात. ते ऐकतात फक्त तुमचं. सोबत हंसाचं अप्पांना लिहिलेलं पत्र आहे, खाली मराठी माझं आहे (हे शेवटचं). ते तुम्ही समोर बसून वाचून दाखवा. या एका पत्रावर त्या पोरीचं सगळं आहे.

ता. ता. क. : शेवटची ओळ मी मराठीत मोकळी सोडली आहे. तिनं लाडानं लिहिलंय, "वहु थईश पछी बहु बोलीश." वहु आणि बहु, कानाला किती गोड लागतं. मराठीत तेच 'सून झाले की फार बोलेन' असं होतं, आणि ते अप्पांना ऐकवलं तर लग्न तिथंच मोडलं. यावेळी मी माझी कोटी घातलेली नाही. तुम्ही त्या मोकळ्या जागेपाशी आलात की नुसते मनापासून हसा, मामा. तुम्ही हसलात की अप्पाही हसतात.